मावळ्याचे पाय जमिनीला टेकवताना

व्हिडिओ गेमचा नायक जिन्यावर उभा असेल तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहू नये. चेहऱ्यावर पैसे खर्च झालेले असतात. तिथे दाढीचा केस न केस वाऱ्यावर हलत असतो. नजर थेट घोट्याखाली न्यावी. तिथे बरेचदा असं दिसतं की एक पाऊल पायरीच्या दगडात घोट्यापर्यंत रुतलंय, दुसरं खालच्या पायरीच्या वीतभर वर अधांतरी आहे, आणि या अवस्थेत साहेब कमरेवर हात ठेवून शत्रूच्या छावणीकडे करारी मुद्रेनं पाहताहेत.

हे पाहण्याचाच मी पगार घेतो. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत आम्ही गडावरचा एक गेम करतोय, आणि माझं काम घरी समजावून सांगताना 'मावळ्याचे पाय जमिनीला टेकवतो' याहून सोपं वाक्य मला सापडलेलं नाही. त्यावर आईनं विचारलं, "मग आधी कुठे होते?"

प्रश्न रास्त आहे. आधी ते सपाट जमिनीवर होते. अ‍ॅनिमेटर ज्या सॉफ्टवेअरमध्ये बसून मावळ्याला उभं राहायला, चालायला, धावायला शिकवतो तिथे खाली एक चौकटीचौकटींची फरशी असते आणि ती चारही दिशांना क्षितिजापर्यंत सपाट असते. त्या फरशीवर मावळा जे काही करतो त्यातला प्रत्येक हाडाचा कोन फाइलमध्ये नोंदवला जातो. गेममध्ये तो गडावर आला की तेच कोन जसेच्या तसे वाजवले जातात. खालची जमीन बदलली, ही बातमी पायांपर्यंत पोचतच नाही.

त्यातून मावळा चालतो हेही पूर्ण खरं नाही. चालते ती कॅप्सूल. पुरुषभर उंचीची, दोन्ही टोकांना गोल, अदृश्य. भिंतीवर आपटते ती, उतारावरून घसरते ती, पायरी चढते तीही तीच. मावळा तिच्या आत नुसता रंगवलेला असतो आणि पाय हलवून आपणच चालतोय असा देखावा करतो. सपाट मैदानावर हा देखावा बेमालूम खपतो. गडाच्या पायरीवर उघडा पडतो, कारण तिथे कॅप्सूलचं बूड एकाच जागी टेकतं आणि मावळ्याला पाय दोन आहेत.

हे दुखणं जुनं आहे आणि औषधही जुनंच आहे. १९९८ साली आलेल्या 'द लीजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम'मध्ये लिंक पायरीवर आडवा उभा राहिला की त्याचा एक गुडघा वाकायचा आणि दोन्ही पावलं आपापल्या पायरीवर टेकायची. आजच्या फोनच्या मानानं ते यंत्र म्हणजे काहीच नव्हतं. तेव्हा 'हार्डवेअर झेपत नाही' ही सबब आम्हाला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं उशिरा सुचलेली आहे. गवत वाढवून पावलं झाकायची पळवाटही असते. आम्हीही तो विचार केला होता, पण आमच्या लेव्हल बांधणाऱ्या ताई स्वतः गड चढणाऱ्या. पायरीवर गवत म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की विषय तिथेच मिटला. शिवाय त्यांनी गडाच्या पायऱ्या इमानेइतबारे गडासारख्या केल्यात, म्हणजे कुठल्याही दोन सारख्या नाहीत.

या औषधाचं नाव इन्व्हर्स किनेमॅटिक्स, बोलताना आयके. नेहमीचा हिशोब वरून खाली चालतो: कंबर इतकी फिरली, गुडघा इतका वाकला, मग पाऊल जिथे पोचेल तिथे पोचेल. आयकेमध्ये पाऊल कुठे हवं ते आधी ठरतं आणि त्यासाठी गुडघा किती, मांडी किती, हे मागे मोजत यायचं. लग्नाचा मुहूर्त धरून वऱ्हाडानं घरून किती वाजता निघायचं ते ठरवतात, तसंच. फरक एवढाच की हे वऱ्हाड सेकंदाला साठ वेळा निघतं आणि दर वेळी वेळेवर पोचावं अशी अपेक्षा असते.

आता पाऊल कुठे हवं हे कसं कळायचं? तर प्रत्येक पावलाच्या अर्धा मीटर वरून सरळ खाली एक अदृश्य किरण सोडायचा आणि तो कशाला लागतो ते पाहायचं. आमचा गेम युनिटीत आहे. तिथे हे तीन ओळींत होतं:

```csharp
Vector3 start = foot + Vector3.up * 0.5f;
if (Physics.Raycast(start, Vector3.down, out RaycastHit hit, 1f, groundMask))
    offset = hit.point.y - transform.position.y;
```

यातली तिसरी ओळ शांतपणे वाचण्यासारखी आहे. नव्या माणसाला वाटतं, किरण जिथे लागला तिथे पाऊल ठेवलं की झालं. तसं केलं की उभा मावळा छान दिसतो. चालायला लागला की दोन्ही पावलं जमिनीला चिकटलेली, उचलायचं नाव नाही, नव्या स्लिपर घालून ओल्या बाथरूममध्ये चाललेल्या माणसाची चाल. कारण चालताना एक पाय हवेत असणं हा चालण्याचा भाग आहे आणि तो अ‍ॅनिमेटरनं मेहनतीनं केलेला आहे. म्हणून जमिनीची उंची थेट वापरायची नाही. कॅप्सूलच्या बुडापेक्षा पावलाखालची जमीन किती वर किंवा खाली आहे तेवढाच फरक काढायचा आणि तो अ‍ॅनिमेशनमधल्या पावलाच्या उंचीत मिळवायचा. अ‍ॅनिमेटरनं पाऊल दहा सेंटिमीटर उचललं असेल तर ते पायरीच्याही दहा सेंटिमीटर वरच राहतं.

आमच्या अ‍ॅनिमेटरला हे समजावल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. तोवर त्याला वाटत होतं की प्रोग्रामर मंडळी त्याचं काम पुसून तिथे भूमिती भरणार. ही भीती सगळ्याच अ‍ॅनिमेटरांना असते आणि ती अगदीच निराधार नाही.

खरी गोष्ट पुढे सुरू होते, आणि ती पायांची नाहीच. ती कमरेची आहे.

आमच्या मावळ्याची मांडी ४२ सेंटिमीटर, नडगी ४२ सेंटिमीटर. पाय पूर्ण ताठ केला तर कमरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत ८४. उभं राहण्याच्या अ‍ॅनिमेशनमध्ये गुडघा किंचित सैल असतो, तेव्हा हे अंतर ८३. समजा डावं पाऊल वरच्या पायरीवर आहे, उजवं खालच्या पायरीवर, दोन पायऱ्यांत १८ सेंटिमीटरचा फरक, आणि कॅप्सूल वरच्या पायरीच्या पातळीला. डाव्या पावलाचं ठीकच आहे. उजव्याला १८ सेंटिमीटर खाली जायचंय, म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत १०१ सेंटिमीटर हवेत. आणि पाय आहे ८४चा. आयकेचा हिशोब इमानदार असतो. तो पाय खालच्या पायरीच्या दिशेनं काठीसारखा ताठ करतो आणि १७ सेंटिमीटर वर थांबतो. आमच्या टेस्टरनं यावर नोंद टाकली होती: 'आधी पाय हवेत होता. आता ताणून हवेत आहे.'

पाय लांब होत नाहीत. मग उपाय एकच, कंबर खाली घ्यायची. जे पाऊल सर्वांत खाली जाणार आहे ते जेवढं उतरेल तेवढी कंबर उतरवायची आणि मग दोन्ही पायांचा हिशोब नव्यानं करायचा:

```csharp
float drop = Mathf.Min(left, right, 0f);
pelvis = Mathf.Lerp(pelvis, drop, 1f - Mathf.Exp(-10f * Time.deltaTime));
animator.bodyPosition += Vector3.up * pelvis;
```

कंबर १८ सेंटिमीटर उतरली. उजव्या पायाला आता पुन्हा ८३च हवेत, म्हणजे ज्या पायासाठी हा सगळा खटाटोप, त्याचा गुडघा जसा होता तसाच. डाव्या पायाचं मात्र अंतर ६५ झालं. ज्याचं काहीच अडलं नव्हतं त्यानंच वाकायचं. संयुक्त कुटुंबात वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

किती वाकायचं, ते शाळेतलं त्रिकोणमितीचं सूत्र सांगतं. मांडी a, नडगी b आणि कमरेपासून घोट्यापर्यंतचं अंतर c, अशा तीन बाजू माहीत असल्या की गुडघ्याचा कोन ठरतो:

```
cos K = (a² + b² − c²) / (2ab)
```

६५ घालून पाहिलं तर गुडघा साधारण १०१ अंशांचा येतो, म्हणजे जवळजवळ काटकोन. ८३ घातले तर १६२. मास्तर हे सूत्र फळ्यावर लिहीत होते तेव्हा मागच्या बाकावरून 'याचा पुढे उपयोग काय' असं विचारणारा जो मुलगा होता तो आज आमच्या कंपनीत हिशोब पाहतो, आणि मावळ्याच्या गुडघ्यावर किती मनुष्यदिवस गेले हे तोच विचारतो.

हे कंबर उतरवणं पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. पाहणारा पावलं बघतो आणि म्हणतो, वा, टेकली. पण कंबर न उतरवता नुसती पावलं टेकवलेला मावळा शेजारी उभा केला तर कुणीही सांगेल की याचं काहीतरी चुकतंय. काय, ते सांगता येणार नाही. म्हणून पाऊल बरोबर दिसत नसेल तर पहिल्यांदा कमरेची उंची पाहावी.

गुडघ्याचा एक स्वभावदोषही याच सूत्रातून कळतो. घोटा एक सेंटिमीटर लांब गेला, ६४चे ६५ झाले, तर गुडघा ९९ अंशांवरून १०१वर जातो. दोन अंश, कुणाला पत्ता लागत नाही. पण ८३चे ८४ झाले तर तोच गुडघा १६२वरून एकदम १८०ला पोचतो. तोच एक सेंटिमीटर आणि अठरा अंश! पाय ताठ व्हायच्या बेतात असताना गुडघा असा भडकतो. मावळा उतारावरून सावकाश चालत असेल तर दर काही पावलांनी गुडघा मागे 'कट्‌' असा बसताना दिसतो आणि पुन्हा सुटतो. नवीन माणूस याला किरणाचा दोष समजतो आणि किरण दुरुस्त करत बसतो. किरणाचा काही दोष नसतो. ओळखायची खूण अशी की धक्का फक्त ताठ पायाला बसतो, वाकलेल्या पायाला कधीच नाही. उपाय म्हणजे पायाला शंभर टक्के ताठ होऊच द्यायचं नाही. अंतर ८३च्या आसपास आलं की हात आखडता घ्यायचा आणि कमी पडेल तेवढी कंबर आणखी थोडी उतरवायची. आमचा मावळा त्यामुळे कायम किंचित गुडघ्यात वाकून उभा असतो. आमच्या कंपनीच्या साहेबांना ते 'सावध पवित्रा' म्हणून सांगितलंय आणि त्यांनी ते जाहिरातीतही घातलंय.

गुडघा किती वाकायचा हे सूत्र सांगतं, पण कुणीकडे वाकायचा हे सांगत नाही. गणिताच्या दृष्टीनं गुडघा पुढे, बाजूला, मागे, कुठेही वाकला तरी उत्तर बरोबरच. युनिटीच्या माणसासारख्या सांगाड्याला ही अक्कल उपजत असते. सांगाडा स्वतः जुळवला तर गुडघ्यासमोर एक खुणेचा बिंदू ठेवून 'इकडे पाहा' असं सांगावं लागतं, आणि तो बिंदू मावळ्याला न बांधता जगात मोकळा राहिला तर मावळा मागे वळतो आणि गुडघे पूर्वेकडेच पाहत राहतात. असं दृश्य एकदा बघितलं की जेवण जात नाही.

किरणाला निर्दोष म्हटलं खरं, पण त्याचे स्वतःचे उद्योग वेगळे आहेत. किरण भोळा असतो. त्याला जमीन कळत नाही, 'लागलं' एवढंच कळतं. आमच्या मावळ्याच्या पाठीवर ढाल आहे, आणि ढालीला टक्कर ओळखणारी तिची स्वतःची पेटी आहे. मावळा वाकला की ढाल खाली यायची, पावलावरून सुटलेला किरण ढालीवर थांबायचा, 'जमीन सापडली' असं सांगायचा, आणि मावळा स्वतःच्याच ढालीवर पाय ठेवायला जायचा. शेळी जवळून गेली की तिच्या पाठीवर. म्हणून कोडमध्ये ते `groundMask` आहे: पाय ठेवायच्या वस्तूंचा वेगळा थर करायचा आणि किरणाला तेवढाच दाखवायचा.

याहून सरस तक्रार टेस्टरनं आणली. मावळा पणतीजवळ आला की उजवा पाय उचलून उभा राहतो. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती, कारण गडावर पणत्या भरपूर आहेत आणि प्रत्येक पणतीपाशी तो असाच उभा राहत होता. अ‍ॅनिमेटरनं लगेच हात वर केले: "मी हे केलेलं नाही." लेव्हलवाल्या ताई म्हणाल्या, "तिथे जमीन सपाट आहे. येऊन हात लावून बघ." हात लावायची सोय नव्हती, पण बघितलं तर खरंच सपाट होती.

अशा वेळी वाद घालू नये, किरण रंगवावा. `Debug.DrawRay` लिहिलं की संपादकाच्या पडद्यावर किरण रेघेसारखा दिसतो. लागला तर हिरवा, नाही तर तांबडा, असा आम्ही ठेवतो. पणतीपाशी दोन हिरव्या रेघा दिसल्या. डावी दगडापर्यंत गेलेली, उजवी दगडाच्या वर गुडघाभर उंचीवर हवेतच संपलेली. त्या हवेत एक अदृश्य पेटी होती. खेळणारा पणती उचलू शकेल इतका जवळ आला का, हे ओळखण्यासाठी ठेवलेली. अशा पेटीतून माणूस आरपार जातो, पण युनिटीचा किरण, तुम्ही मनाई केली नाही तर, तिला मान देतो. दारापाशी ठेवलेल्या पुरुषभर उंच पेट्यांचा त्रास होत नव्हता, कारण किरण सुटतोच त्यांच्या आतून आणि ज्याच्या आतून निघाला ते त्याला लागत नाही. पणतीची पेटी बुटकी, किरणाच्या सुरुवातीपेक्षा खाली, म्हणून ती बरोबर सापडायची. रेकास्टच्या शेवटी `QueryTriggerInteraction.Ignore` एवढं जोडलं आणि मावळ्याचा पणतीविषयीचा आदर संपला. टेस्टरनं मात्र तक्रार बंद करताना लिहिलं, 'आधीचं जास्त श्रद्धाळू दिसत होतं.'

पाऊल उतारावर तिरकं करणं हे त्या मानानं किरकोळ काम. किरण जमिनीचा कलही सांगतो, तेवढं पाऊल झुकवायचं, आणि तीस अंशांपुढे झुकू द्यायचं नाही, नाहीतर कड्याच्या भिंतीला पाऊल लागलं की घोटा मोडलेला दिसतो. पायरीच्या काठावर टाच दगडावर आणि चवडा हवेत असा प्रसंग येतो तिथे टाचेला एक आणि चवड्याला एक असे दोन किरण सोडतात. आम्ही सोडलेले नाहीत. मावळ्याचे कपडे पायघोळ नसले तरी त्याला जाड चढाव घातलेत, त्यात ते खपून जातं.

पायऱ्यांचं एक गुपित सांगायला हवं. गेममध्ये जिना दोनदा बांधलेला असतो. कॅप्सूलला खऱ्या पायऱ्या चढायला लावल्या तर ती दर पायरीला टुणकन उडी घेते आणि कॅमेराही तिच्याबरोबर टुणटुणतो. खेळणाऱ्याला दहाव्या पायरीला मळमळतं. म्हणून पायऱ्यांच्या काठांवरून एक गुळगुळीत अदृश्य उतार टाकतात. कॅप्सूल त्या उतारावरून मऊ वर सरकते. पावलांच्या किरणांना मात्र हा उतार दिसू द्यायचा नाही. त्यांना खरे दगड दाखवायचे. म्हणजे एकाच जागी दोन जमिनी, एक अंगाला आणि एक पायांना. उतार काठांवरून गेल्यामुळे खरे दगड नेहमी त्याच्या पातळीला किंवा खालीच सापडतात, आणि मग जिन्यावर कंबर सतत थोडीथोडी उतरलेली असते. लेव्हलवाल्या ताईंना हा उतार पटलेला नाही. "मी पायऱ्या कुणासाठी घडवल्या मग?" असं त्या विचारतात. पायांसाठी, हे उत्तर त्यांना पुरेसं वाटत नाही.

पण पायऱ्यांवरून चालताना आणखी एक होतं. हवेतलं पाऊल काठावरून पुढे गेलं की किरण एका क्षणात १८ सेंटिमीटर वर उडी मारतो, आणि त्याच्यामागे पाऊल आणि कंबर. म्हणून ती वरची `Mathf.Exp`ची ओळ. ती मोठी विद्वान दिसते, पण तिचं म्हणणं साधं आहे: लगेच जाऊ नको, सावकाश जा. आकडा १० ठेवला तर एक दशांश सेकंदात फरकाचा ६३ टक्के भाग कापला जातो, तीन दशांशात ९५. आकडा वाढवला की मावळा टणक होतो, कमी केला की सरबरीत. उतरत्या पायऱ्यांवर त्याचे पाय उशिरा पोचतात आणि तो पाण्यात चालल्यासारखा दिसतो. अ‍ॅनिमेटरला १४ हवा होता, मला १०. आकड्यावर तडजोड झाली नाही, पण पावलांना १४ आणि कमरेला १० अशी वाटणी झाली. तीच योग्य निघाली, कारण पाऊल झटकन टेकलेलं चांगलं दिसतं आणि कंबर झटकन हललेली वाईट दिसते. `Exp`च का, नुसता ठरावीक अंश दर फ्रेमला का नाही? कारण साहेबांच्या संगणकावर सेकंदाला एकशेवीस फ्रेम होतात आणि स्वस्तातल्या फोनवर तीस. ठरावीक अंश ठेवला तर तोच मावळा साहेबांकडे टणक आणि फोनवर सरबरीत निघतो, आणि फोनवाला गेम विकत घेणारा असतो.

आता हे सगळं बंद केव्हा करायचं, यालाही अक्कल लागते. मावळा उडी मारतो तेव्हा जमीन किरणाच्या टप्प्यात असेपर्यंत पाय तिला धरून राहू पाहतात. अंग वर निघालंय आणि पाय म्हणताहेत, थांब जरा. म्हणून कॅप्सूल हवेत गेली की आयकेचं वजन शून्यावर आणायचं, आणि तेही हळूहळू; एकदम आणलं तर पाय झटका देतात. धावताना आम्ही ते अर्ध्यावर ठेवतो. धावणाऱ्याच्या पावलांकडे कुणी पाहत नाही. शत्रू मागे लागलेला असताना पायरी आणि टाच यांचं नातं तपासणारा खेळाडू आम्हाला अजून भेटलेला नाही, आमच्या टेस्टरला सोडून.

नवीन येणाऱ्यांसाठी एवढं सांगून ठेवतो की हे सगळं कोड `OnAnimatorIK` नावाच्या जागी लिहायचं असतं, आणि अ‍ॅनिमेटर कंट्रोलरच्या थरावर `IK Pass` नावाची एक चौकट असते ती टिक केलेली नसली तर ही जागा कधी बोलावलीच जात नाही. चूक दाखवत नाही, तांबडं काही येत नाही, काहीच होत नाही. माणूस दुपारभर सूत्रात चूक शोधतो.

असो. मावळा एकदाचा पायरीवर उभा राहिला. एक गुडघा वाकलेला, दुसरा सैल, दोन्ही पावलं आपापल्या दगडावर, कंबर थोडी उतरलेली. साहेब आले, मोठ्या पडद्यावर त्याला गोल फिरवून पाहिला, खालून पाहिला, वरून पाहिला. म्हणाले, "हं. हा तर नेहमीसारखाच उभा आहे." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नसते. मग पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं लक्ष गेलं. तिथे एक शेळी उतारावर उभी होती. तिचे पुढचे पाय दगडात आणि मागचे हवेत.

"हेच शेळीला पण लाव ना. कोड तर तयार आहे."

कोड तयार आहे, पण ते माणसाचं आहे. युनिटीची ही उपजत सोय फक्त माणसासारख्या सांगाड्याला मिळते. शेळीला वेगळं पॅकेज लावून एकेका पायाला दोन हाडांचा आयके जोडावा लागतो, आणि शेळीच्या मागच्या पायात कामाची हाडं दोन नाहीत, तीन आहेत. उलटा वाकलेला जो गुडघा आपल्याला दिसतो ती शेळीची टाच असते. खरा गुडघा वर पोटाशी. तीन हाडं झाली की तो शाळेतला त्रिकोण राहत नाही आणि एका पावलासाठी अगणित उत्तरं निघतात, त्यातली बहुतेक शेळीला मान्य नसतात. पळवाट आहे: खालचं हाड अ‍ॅनिमेशनमध्ये जसं कललंय तसंच ठेवायचं आणि वरच्या दोघांपुरता त्रिकोण सोडवायचा. पण मग कंबर? मावळ्याची कंबर खाली घेतली की भागतं. शेळीचा पुढचा भाग वेगळा उतरवायचा, मागचा वेगळा, आणि मधलं अंग त्या दोघांच्या मधे कलवायचं. शिवाय शेळ्या ज्या जागी उभ्या राहतात तिथे मुळात उभं राहायला जागा नसते.

हे सगळं मी बैठकीत मांडलं. साहेबांनी मनुष्यदिवस विचारले, हिशोबवाल्यानं मान वर केली, अ‍ॅनिमेटर खिडकीबाहेर पाहू लागला. तोडगा लेव्हलवाल्या ताईंनीच काढला. पुढच्या बिल्डमध्ये गडावरच्या सगळ्या शेळ्या बसलेल्या आहेत. बसायलाही सपाट जागा लागते, म्हणून प्रत्येकीच्या खाली ताईंनी एकेक सपाट दगड ठेवलाय, आणि रवंथ मात्र अ‍ॅनिमेटरनं नव्यानं केलंय.